अॅटलस बनवताना या चुका टाळा, नाहीतर टू-डी गेम पण मेमरी खातो

Unity मध्ये स्प्राइट, म्हणजे गेममधली छोटी चित्रं, एका मोठ्या टेक्स्चरच्या पेजवर एकत्र पॅक करतात, तो अॅटलस. त्यात सगळ्यात कॉमन चूक म्हणजे PNG ची फाइल साइज बघून मेमरीचा अंदाज लावणं. फाइल 300 KB ची आहे म्हणजे गेम हलका, असं वाटतं, पण GPU ला PNG वाचताच येत नाही, लोड होताना ती पूर्ण उघडली जाते आणि मग प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट लागतात, तो पिक्सेल रिकामा पारदर्शक असला तरी. म्हणजे 2048 चं एक चौकोनी पेज RGBA32 मध्ये, म्हणजे अनकम्प्रेस्ड ठेवलं तर हिशोब असा:

```
2048 × 2048 × 4 = 16,777,216 बाइट = 16 MB
```

आता एक केस धरू. गेममध्ये मेनू आहे, जंगलाची लेव्हल आहे, आणि बटणं-आयकॉन सगळीकडे लागतात. दोन अॅटलस केलेत, एक UI चा, एक जंगलाचा, दोन्ही 2048, दोन्ही RGBA32. मेनू उघडला की फक्त UI चे 16 MB दिसायला हवेत ना, पण प्रोफायलरमध्ये 32 दिसतात. कारण मेनूत वर कोपऱ्यात एक छोटं नाणं आहे आणि ते नाणं जंगलाच्या अॅटलसमध्ये पॅक झालंय. अॅटलसमधला एक स्प्राइट जरी लागला तरी त्याचं अख्खं पेज मेमरीत येतं, अर्धं पेज लोड होत नसतं. म्हणून स्प्राइट कुठल्या फोल्डरमध्ये आहे किंवा कुठल्या आर्टिस्टने काढलाय यावरून ग्रुप करू नका, स्क्रीनवर एकाच वेळी काय दिसतं त्यावरून करा. नाणं UI च्या अॅटलसमध्ये हलवलं की मेनू परत 16 वर येतो. तरी 32 च दिसत असतील तर जंगलातलं अजून काहीतरी मेनूत अडकलंय, मेमरी प्रोफायलरमध्ये त्या टेक्स्चरचे रेफरन्स बघा, सापडतं.

मग फॉरमॅट. ASTC हा कम्प्रेशनचा फॉरमॅट चित्राचे छोटे ब्लॉक पाडतो, आणि ब्लॉक कितीही मोठा घेतला तरी एका ब्लॉकला 16 बाइटच लागतात, त्यामुळे 4x4 ला आपलं पेज 4 MB होतं, 6x6 ला साधारण 1.8 MB आणि 8x8 ला 1 MB. इथे लोक सगळ्या गेमला एकच सेटिंग लावून मोकळे होतात आणि मग बटणावरची अक्षरं आणि बारीक कडा चिखलासारख्या दिसायला लागतात. माझ्या मते UI ला 4x4, कॅरेक्टर आणि झाडं-बिडं 6x6, आणि मागचं धूसर बॅकग्राउंड 8x8 असं ठेवून सुरुवात करावी आणि खऱ्या फोनवर बघून बदलावं, एडिटरमध्ये बघून नाही. वरच्या केसमध्ये मेनू 32 वरून 4 MB वर आला, लेव्हल चालू असताना दोन्ही पेज मिळून 6 MB च्या आत. पण जुन्या फोनला ASTC चालत नसेल तर Unity ते लोड करतानाच उघडून अनकम्प्रेस्ड ठेवतं, मग पेज पुन्हा 16 MB आणि लोडिंग पण हळू. असे फोन धरायचे असतील तर त्यांच्यासाठी ETC2 या दुसऱ्या कम्प्रेशन फॉरमॅटचा वेगळा बिल्ड द्या, अल्फासकट तो पण 4 MB च घेतो.

कम्प्रेशन लावल्यावर स्प्राइटच्या कडेला शेजारच्याचा रंग किंवा बारीक रेघ दिसायला लागली तर लगेच फॉरमॅटला दोष देऊ नका. तोच अॅटलस तात्पुरता RGBA32 करा. रेघ गेली तर कम्प्रेशनचं काम आहे, एकाच ब्लॉकमध्ये दोन स्प्राइटचे पिक्सेल आले की त्यांना रंग वाटून घ्यावे लागतात. 6x6 ला 2 पिक्सेल पॅडिंग कमी पडतं, 8 करून बघा. रेघ तशीच राहिली तर फिल्टरिंग शेजारचे पिक्सेल उचलतंय, तिथे पॅडिंगसोबत कडेचे पिक्सेल बाहेर ताणायचा ऑप्शन चालू करावा लागतो.

अजून एक, ही पटकन लक्षात येत नाही. 1024 चं पेज जवळपास भरलंय, त्यात दोन नवीन स्प्राइट टाकले आणि पॅकरने गुपचूप 2048 केलं, म्हणजे RGBA32 मध्ये 4 MB चे थेट 16, आणि त्यातलं बहुतेक पेज रिकामं. नवीन आर्ट आली की पॅक प्रिव्ह्यू उघडून बघायची सवय लावा, मोकळी जागा जास्त दिसली तर ते दोन स्प्राइट दुसऱ्या पेजवर टाका किंवा मॅक्स साइज 1024 लावून पॅकरला दुसरं पेज पाडू द्या. आणि Read/Write चालू राहिलंय का तेही बघा, त्याने टेक्स्चरची एक कॉपी CPU कडे पण राहते.

पिक्सेल आर्ट असेल तर मात्र यातलं कम्प्रेशन विसरा. तिथे एकेका पिक्सेलचा रंग नेमका लागतो, ब्लॉकमध्ये तो बिघडतो. 512 चं अनकम्प्रेस्ड पेज फक्त 1 MB घेतं, आणि 32 पिक्सेलचे स्प्राइट पॅडिंग न धरता त्यात 256 मावतात.