आवाज दबलेला येतोय? डेकच्या स्क्रूला हात लावण्याआधीची तयारी

आधी तीन कॅसेटी हाताशी घ्या. त्यांतल्या दोन चांगल्या कंपनीच्या, विकत घेतलेल्या आणि पूर्वी स्वच्छ वाजलेल्या असाव्यात. तिसरी तुमची तक्रारीची. टेपची खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण बंद करून तिन्ही ऐका. तिन्ही गोधडीखालून आल्यासारख्या वाजल्या तर दोष डेकमध्ये आहे. एकच तशी वाजली तर त्या कॅसेटच्या तोंडात पाहा. मधोमध तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो आणि तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकतो आणि चौकोन गळून पडतो. तसं झालं असेल तर डेक कितीही साफ केला तरी तीव्र स्वर परत येणार नाहीत.

सफाईसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. जखमेवर लावायच्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते इथे वापरू नका. घट्ट कापसाचे बड्स, टॉर्च आणि छोटा आरसाही जवळ ठेवा. डेकची पिन काढून ठेवा. आधी इरेज हेड, मग प्लेबॅक हेड, मग टेपच्या वाटेतले गाइड आणि शेवटी टेप पुढे सरकवणारी कॅपस्टनची दांडी, या क्रमाने पुसा. बड तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत नवा बड घेत राहा. हेडवर साचलेला ऑक्साइडचा बारीक थरही टेपला हेडपासून उचलून धरतो आणि सगळ्यात आधी तीव्र स्वर गिळतो. रबरी रोलरला अल्कोहोल वारंवार लावू नका. सौम्य साबणाच्या पाण्यात ओलवून पिळलेल्या कापडाने पुसणं त्याला मानवतं. सगळं पूर्ण सुकू द्या. टॉर्चच्या उजेडात हेडच्या तोंडावर टेपच्या रुंदीची खोलगट चर दिसली तर हेड झिजलेलं आहे, आणि पुढच्या खटपटीने फार फरक पडणार नाही.

हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर हातात घेण्यापूर्वी सगळ्या कॅसेटी दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच्या टोकाला उघडं लोखंड असेल तर त्यावर चिकटपट्टीचा एक थर लावा, म्हणजे हेडला ओरखडा येणार नाही. डेक बंदच हवा. हत्यार हातभर लांब धरून चालू करा, सावकाश जवळ आणा, हेड, गाइड आणि कॅपस्टनवरून हळू फिरवा आणि तितक्याच सावकाश परत हातभर मागे घ्या. तिथे पोहोचल्यावरच स्विच बंद करा. हेडजवळ असताना स्विच सुटला किंवा वीज गेली तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होऊन बसतं. म्हणून वीज जाण्याच्या वेळेत हे काम काढू नका. तसं झालंच तर पुन्हा पहिल्यापासून करा.

आता अझिमथ, म्हणजे हेडची फट टेपच्या वाटेशी काटकोनात आहे का, हे पाहायचं. माझ्याकडे आईच्या ओव्यांची कॅसेट होती. घरच्या मोनो टू-इन-वनवर भरलेली. माझ्या डेकवर इतर कॅसेटी स्वच्छ वाजत, पण आईच्या बांगड्यांचा किणकिणाट मात्र ऐकू येईना. टू-इन-वनचं हेड तिरकं होतं, म्हणून रेकॉर्डिंगही तिरकं झालं होतं. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे १० किलोहर्ट्झची एक लाट टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही आखूड असते. अंशाच्या सहाव्या भागाइतका तिरकेपणा मोनो ट्रॅकच्या एवढ्या बारीक स्वराला जवळजवळ पुसून टाकतो.

यासाठी अचुंबकीय टोकाचा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या. हेडच्या दोन स्क्रूंपैकी ज्याखाली स्प्रिंग आहे आणि बहुधा रंगाचा थेंब लावलेला असतो, तो अझिमथचा. दुसऱ्याला हात लावू नका. ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये प्रत्येक दिशेचा वेगळा स्क्रू असू शकतो. सुरुवातीच्या जागेची खूण करा आणि फोटो काढा. अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. बटण नसेल तर संगणकावर दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका. चुकीचा अझिमथ मोनोमध्ये लगेच उघडा पडतो, कारण दोन बाजूंच्या वेळेतला फरक तीव्र स्वर एकमेकांत विरवतो. स्क्रू एकदम अर्धा फेरा फिरवू नका, पाव फेऱ्याच्याही आत राहा. मी बांगड्यांच्या आवाजावर कान ठेवला, तो सर्वांत स्पष्ट झाला तिथे थांबलो, मग पुढे जाऊन परत आलो. खऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, जास्त पुढे गेल्यावर पुन्हा थोडी चमक येते, पण ती खोटी असते. त्या दोन खोट्या जागांच्या मधे जिथे खर्जाबरोबर तीव्र स्वरांचं टोकही पूर्ण उलगडतं, ती खरी जागा.

त्याच बैठकीत ओव्या संगणकावर उतरवून घ्या. या जागेवर डेक ठेवून नवं रेकॉर्डिंग करू नका, ते इतर डेकवर बुजकं वाजेल. शेवटी विकतची चांगली कॅसेट लावून, मोनोतच ऐकत, स्क्रू मूळ खुणेजवळ आणा आणि नेलपॉलिशचा थेंब टाकून तो बसवा.