40 गावं की 80? क्लस्टर सर्व्हेतला डिझाइन इफेक्टचा हिशेब

पालघरच्या डोंगराळ भागातला एखादा तालुका घ्या. 12 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी किती जणांचं लसीकरण पूर्ण झालंय, हे शोधायचंय. सगळ्या तालुक्यातल्या अशा मुलांची एकत्र यादी कुठेच मिळत नाही, आणि मिळाली तरी चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुलं इतक्या पाड्यांवर विखुरलेली असतील की गाडी आणि माणसं पुरणार नाहीत. म्हणून आधी गावं निवडायची आणि मग गावातली मुलं. क्लस्टर सॅम्पलिंग आपण घेतो ते या अडचणीमुळे, आणि त्याची किंमत अचूकतेत मोजावी लागते.

ती कशी, ते पाड्यावर गेल्यावर कळतं. गावठाणातल्या अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र होतं, पण ओढ्यापलीकडच्या पाड्यावर पावसाळ्यात नर्सताई पोहोचू शकत नाहीत. तिथल्या चार घरांतली माता-बाल संरक्षण कार्डं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. चारही कार्डांवर त्याच रकान्यात तारीख नव्हती. पहिलं कार्ड पाहिल्यावर उरलेल्या तिघांनी फारसं नवीन काही सांगितलं नाही. एका गावातल्या मुलांमधलं हे सारखेपण मोजणारा आकडा म्हणजे आयसीसी. एका क्लस्टरमधली मुलं m धरली, तर त्या सारखेपणामुळे नमुना किती पट वाढवावा लागतो ते सांगणारा डिझाइन इफेक्ट, म्हणजे DEFF, असा येतो:

```
DEFF = 1 + (m - 1) * ICC
```

आता हिशेब करू. 50 टक्के प्रमाण आणि दोन्ही बाजूंना 5 टक्के चूक चालेल असं धरलं, तर साध्या यादृच्छिक नमुन्याला साधारण 384 मुलं लागतात. समजा आपल्याला 800 मुलं परवडतात आणि आयसीसी 0.1 आहे. 40 गावांत प्रत्येकी 20 मुलं घेतली तर डिझाइन इफेक्ट 2.9 येतो, म्हणजे 800 मुलांचं वजन फक्त 276 मुलांएवढं. 80 गावांत प्रत्येकी 10 घेतली तर तोच 1.9 होतो आणि 800 चे 421 उरतात. मुलं तितकीच, पण पहिल्या आराखड्यात सर्व्हे अपुरा पडतो आणि दुसऱ्यात पुरतो. त्यामुळे पैसे थोडे असतील तर गावं वाढवा, गावातली मुलं कमी करा, असंच माझं ठाम मत आहे. नवीन विद्यार्थी नेमकं उलटं करतात, कारण एकदा गावात पोहोचल्यावर आणखी दहा घरं करणं स्वस्त वाटतं.

बहुतेक प्रबंधांत डिझाइन इफेक्ट सरसकट 2 धरलेला असतो. तो आकडा लसीकरणाच्या जुन्या 30 क्लस्टर, प्रत्येकी 7 मुलं या पद्धतीतून आला. 20-20 मुलं घेताना तो तसाच उचलता येत नाही. शिवाय आयसीसी विषयागणिक बदलतो. उच्च रक्तदाबासारख्या विषयात तो 0.02 इतका कमी धरता आला, तर 20 च्या क्लस्टरलाही डिझाइन इफेक्ट 1.38 च राहतो. आपल्याच विषयावर, आपल्यासारख्याच भागात झालेल्या सर्व्हेचा आकडा शोधा. नकार आणि बंद घरांसाठीची वाढ त्यानंतर करा.

गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडायची. जनगणनेची यादी घेऊन लोकसंख्येची चढती बेरीज लिहा. एकूण 1,60,000 आणि 80 क्लस्टर असतील तर अंतर 2,000. 1 ते 2,000 मधला एक यादृच्छिक आकडा काढा, समजा 730; मग 2,730, 4,730 असं पुढे जा आणि प्रत्येक आकडा ज्या गावाच्या बेरजेत पडेल ते गाव घ्या. मोठ्या गावात दोन क्लस्टरही येतील, ते तसेच ठेवा. अगदी छोटी गावं निवडीआधीच शेजारच्या गावाला जोडून घ्या, नाहीतर तिथे 10 मुलंच भरणार नाहीत.

गावात गेल्यावर मध्यभागी पेन फिरवून दिशा ठरवायची जुनी पद्धत वापरू नका. तिच्यात गावठाणालगतची घरं जास्त येतात. आशाताईंबरोबर सगळे पाडे फिरून घरांची यादी करा, पात्र मुलांना क्रमांक द्या आणि त्यातून निवडा. आशाताईंच्या वहीवर भागत नाही, कारण वीटभट्टीवरून परतलेली कुटुंबं तिच्यात नसतात, आणि बहुतेकदा लस चुकलेली मुलं त्याच घरांत सापडतात. या यादीतला पात्र मुलांचा आकडा जपून ठेवा, विश्लेषणात प्रत्येक मुलाला द्यायचं वजन काढायला तोच लागतो.

विश्लेषणात गाव विसरलं की सगळी मेहनत वाया. आर मध्ये एवढं पुरतं:

```r
library(survey)
d <- svydesign(ids = ~gaon, weights = ~vajan, data = x)
svymean(~purna_las, d, deff = "replace")
```

समजा 60 टक्के आले. 40 गावांच्या आराखड्यात क्लस्टर न धरता 56.6 ते 63.4 अशी मर्यादा छापली जाते, 2.9 चा डिझाइन इफेक्ट धरला की ती 54.2 ते 65.8 होते. अहवालात दुसरीच द्या, आणि सोबत क्लस्टरांची संख्या व प्रत्यक्ष आलेला डिझाइन इफेक्टही छापा. पुढच्या वेळी कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय टक्केवारी मागितली तर या सर्व्हेतून ती देऊ नका, कारण एका केंद्राच्या वाट्याला जेमतेम काही गावं आलेली असतात.