फाटकात गाडी बंद पडली तर

रेल्वे फाटकात गिअर बदलताना गाडी बंद पडू शकते, म्हणून पहिल्या गिअरमध्येच आत शिरायचं आणि रूळ पार होईपर्यंत तोच ठेवायचा. पुढे ट्रॅफिक तुंबलं असेल तर पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा मोकळी झाल्याशिवाय फाटक उघडं असलं तरी आत जायचंच नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

तरी बंद पडलीच तर आधी सगळ्यांना खाली उतरवा, सामान राहू द्या. लगेच गेटमनला सांगा, त्याच्याकडे स्टेशन मास्तरला लावायचा फोन असतो, लाल झेंडा आणि ट्रेनच्या ड्रायव्हरला आवाजाने सावध करायला रुळावर लावायचे फटाके असतात. बऱ्याच ठिकाणी फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही पण सगळीकडे तसं नसतं, आणि आधीच सिग्नल ओलांडून आलेल्या ट्रेनला ब्रेक लावूनही थांबायला खूप अंतर लागतं. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलायची ती गेटमन हो म्हणाला तरच. ट्रेन दिसली की गाडी सोडायची, रुळापासून लांब पण ट्रेन येतेय त्या बाजूला तिरकं पळायचं (उलटं वाटतं खरं), कारण धडकेनंतर पत्रे काचा ट्रेनच्या पुढच्या दिशेनेच उडतात.