नेट स्लो आहे? नेटवाल्याला फोन करण्याआधी या चुका टाळा

‘नेट स्लो आहे’ म्हणून फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘राउटर बंद करून चालू केलात का?’ तो विचारायलाच हवा. पण त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: स्लो काय आहे, घरापर्यंत येणारी लाइन की घरातलं वायफाय? लाइनची जबाबदारी नेटवाल्याची. हॉलमधून बेडरूमपर्यंत सिग्नल पोचवणं मात्र बहुतेक वेळा आपल्याच हातात असतं. माणूस येतो, राउटरशेजारी उभा राहून स्पीड दाखवतो, ‘बघा, बरोबर येतंय’ म्हणतो आणि जातो. बेडरूममध्ये व्हिडिओ अडकतो तो अडकतोच.

चूक पहिली: जिथे त्रास होतो तिथेच स्पीड मोजणं

कोथरूडमधलं दोन बेडरूमचं एक घर समजा. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. मागच्या बेडरूममध्ये मोबाइलवर स्पीड मोजणारी fast.com ही साइट उघडली तर २२ दिसतात. लगेच तक्रार करू नका. तोच मोबाइल घेऊन राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभे राहा, मध्ये भिंत नको. मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा. घरातला टीव्ही आणि चालू असलेली डाउनलोडं थांबवा. मग तीनदा मोजा. इथे १८० दिसले तर लाइन ठणठणीत आहे, दुखणं वायफायचं आहे. इथेही २५-३० च आले, तर आणखी एक तपासणी करायची.

ती म्हणजे लॅन केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडून, लॅपटॉपचं वायफाय बंद करून मोजायचं. केबलवर वायफायचा प्रश्नच उरत नाही, म्हणून याच आकड्यावर जास्त विश्वास ठेवावा. फक्त इथे एक चकवा आहे. वर सांगितलेल्या घरात मोबाइलवर १८० आले आणि केबलवर मात्र ९४. आकडा ९२ ते ९५ च्या आसपास घुटमळत असेल आणि त्यापुढे हलतच नसेल, तर ती लाइनची खोट नव्हे. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, त्याहून जास्त वेगाला आठही लागतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नसेल किंवा केबल चारच तारांची असेल, तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि प्रत्यक्षात हाती ९४ च्या आसपास येतात. राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच १०० पर्यंतचं असलं तरी हेच होतं. आधी केबल बदलून पाहा, कॅट-५ई किंवा कॅट-६ लिहिलेली घ्या. तुमचा प्लॅनच १०० चा असेल, तर ९४ म्हणजे पूर्ण स्पीड. त्यात तक्रारीसारखं काही नाही.

आणि एक गल्लत इथेच मिटवून टाकू. प्लॅन एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये असतो. डाउनलोडची खिडकी बहुधा मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० च्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने होणार. ‘शंभर सांगितले आणि बाराच देतात’ ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरूनच निघते.

चूक दुसरी: कोणत्या वायफायवर आहोत हे न बघणं

बऱ्याच राउटरांमधून दोन वायफाय निघतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून बरं जातं, पण त्याचा वेग कमी. शिवाय सोसायटीत ते भाजीमंडईसारखं असतं: एकमेकांना न अडवणारे चॅनल फक्त तीन (१, ६ आणि ११) आणि त्यावर आजूबाजूच्या वीस घरांचे राउटर एकदम बोलत असतात. म्हणून २०० चा प्लॅन असूनही २.४ वर ३०-४० मिळणं नवल नाही, आणि रात्री नऊला सगळे घरी आले की तेही कमी होतात. ५ वर गर्दी कमी, वेग जास्त, पण एक-दोन भिंतींनंतर ते दमतं.

दोघांची नावं वेगळी असतील तर राउटरच्या खोलीत ५ चं नाव निवडा. नाव एकच असेल तर मोबाइल स्वतःच ठरवतो आणि कधीकधी २.४ लाच चिकटून बसतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर वायफायच्या नावाशेजारच्या चिन्हावर टॅप केलं की कोणता बँड चालू आहे ते दिसतं. राउटरजवळ येऊन वायफाय एकदा बंद-चालू केलं की बहुधा ५ वर जातो.

राउटरच्या जागेबद्दलही बोलायला हवं. जोडणारा माणूस वायर जिथून आत येते तिथेच राउटर ठोकतो: दाराच्या वर, नाहीतर टीव्ही युनिटच्या आत. टीव्हीची मागची बाजू, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फिशटँक हे सिग्नलचे शत्रू. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती तर ५ ला जवळपास अडवूनच धरतात. राउटर युनिटच्या बाहेर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर आणि घराच्या मध्याकडे ठेवला तरी बेडरूममधला आकडा बदलतो. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर मात्र कडक दुमडू नका. ती फायबर आहे, आतली काच मोडते. तिचं हिरवं टोक काढून फुंकर मारू नका, पुसूही नका. त्यावर बसलेला धुळीचा कणही सिग्नल खातो.

चूक तिसरी: रीस्टार्टऐवजी रीसेट

राउटरच्या मागे पिनने दाबायचं छोटं छिद्र असतं. ते रीसेट. दहा-पंधरा सेकंद दाबलं की वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसले जातात. तुमच्या जोडणीला लॉगिनचं नाव-पासवर्ड लागत असेल तर तेही गेलं. मग स्लो असलेलं नेट पूर्ण बंद होतं आणि माणूस येईपर्यंत बसून राहावं लागतं. रीस्टार्ट म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करायचं, ३० सेकंद थांबायचं, चालू करायचं आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत तीन-चार मिनिटं वाट पाहायची. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर आधी डबा चालू करा, मग राउटर. ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा लाल दिसत असेल तर पुढचं काही करू नका, फायबरवर प्रकाशच येत नाहीये. थेट फोन करा.

काही सोसायट्यांत नेट फायबरने घरात येत नाही. गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबल खाली सोडलेली असते. त्या स्विचला बॅकअप नसेल, तर लाइट गेल्यावर तुमचा इन्व्हर्टर कितीही चालू असो, नेट जाणारच.

फोन करण्याआधी शेवटची तपासणी

प्लॅनची महिन्याची डेटा मर्यादा संपली का, हे ॲपवर पाहा. ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही बहुधा मर्यादा असते आणि ती ओलांडली की स्पीड एकदम खाली येतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट मंदावत असेल, तर संशय इथेच घ्या. मग केबलने जोडलेल्या विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे दोन चालवा:

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा, दुसरा घराबाहेरच्या, गुगलच्या सर्व्हरचा. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर `ipconfig` मध्ये `Default Gateway` समोर दिसेल. राउटरकडून उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आणि एकही न हरवता यायला हवं. तिथेच उत्तरं हरवली तर केबल किंवा राउटरचा दोष. पहिलं चोख आणि दुसऱ्यात वीसपैकी चार-पाच गायब असतील, तर बिघाड बहुधा घराबाहेर आहे.

आता फोन करा आणि ‘स्लो आहे’ एवढंच न म्हणता असं सांगा: ‘प्लॅन २०० चा आहे. रात्री नऊला केबलवर तीनदा मोजलं, ३१, २८ आणि ३४ आले. सकाळी सातला १९० होते. राउटर रीस्टार्ट केलाय, लाल दिवा नाही, डेटा शिल्लक आहे.’ रोज रात्रीच केबलवरही आकडा पडत असेल, तर त्यांच्या बाजूच्या लाइनवर गर्दी असण्याची शक्यता मोठी, आणि घरी माणूस पाठवून ती सुटत नाही. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊलाच पुन्हा मोजा.