मुदतवाढीचा मेल लिहिताय? आधी या चुका टाळा

"मॅडम, असाइनमेंटला थोडे दिवस वाढवून मिळतील का?" एवढाच मेल. कोणती असाइनमेंट, कोणता वर्ग, थोडे म्हणजे किती, कशाचा पत्ता नाही. मी विचारते, "कधीपर्यंत देणार?" त्यावर हमखास उत्तर येतं, "तुम्ही म्हणाल तेव्हा." आता मी काय म्हणणार? तुमचं किती लिहून झालंय आणि किती बाकी आहे, हे तुम्हालाच ठाऊक.

तारीख न मागणं ही चूक निदान लगेच दिसते. मला जास्त वैताग येतो तो खोट्या तारखेचा. मुलांना वाटतं, कमी दिवस मागितले की "हो" मिळणं सोपं. मिळतंही. पुढे काय होतं ते बघा.

एका विद्यार्थ्याचा अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. त्यानं रविवार मागितला, मी दिला. रविवारी रात्री उशिरा मेल आला, "मंगळवारपर्यंत देतो." मंगळवारी पुन्हा, "गुरुवारी नक्की." मध्ये बुधवारी मी बाकीच्यांचे तपासलेले अहवाल परत दिले आणि तीच उदाहरणं वर्गात फळ्यावर सोडवून दाखवली. त्यानंतर आलेल्या अहवालात त्याचं स्वतःचं किती आणि फळ्यावरचं किती, हे कसं ओळखायचं? गुण देता आले नाहीत. नंतर कळलं की त्याची प्रयोगाची काही मोजमापं राहिली होती आणि प्रयोगशाळा सोमवारपर्यंत बंद होती. म्हणजे रविवार जमणारच नव्हता, आणि हे त्याला पहिला मेल लिहितानाच माहीत होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर मी त्याला वेगळी आकडेवारी दिली असती किंवा फळ्यावरची चर्चा पुढे ढकलली असती. पण दुसरी मुदतवाढ मागितली की पहिल्या मेलवरचा विश्वास जातो, आणि तिसऱ्या मेलला शिक्षक कारण वाचतही नाहीत.

म्हणून तारीख अंदाजानं टाकू नका. मी मुलांना कागदावर हिशोब करायला लावते. मनातल्या मनात केला की दर वेळी कमीच भरतो.

समजा अहवाल २००० शब्दांचा आहे आणि मुदत शुक्रवार, १४ तारीख. तापामुळे तीन दिवस गेले. ११०० शब्द लिहून झालेत आणि त्याला सहा तास लागले होते. म्हणजे उरलेल्या ९०० शब्दांना याच वेगानं साधारण पाच तास. आलेखांना दोन तास, संदर्भसूची आणि शेवटच्या वाचनाला दोन तास. एकूण नऊ. संदर्भसूचीचा वेळ कुणीच धरत नाही, आणि शेवटच्या रात्री सगळे तिथेच अडकतात.

आता मोकळे तास मोजा. बुधवार, गुरुवार वर्गांतच जातात, म्हणजे शून्य. शुक्रवारी वर्ग संपल्यावर दोन. शनिवारी दुसऱ्या विषयाची जर्नल पूर्ण करायची आहे, म्हणजे शून्य. रविवारी चार. मंगळवारी सकाळी चाचणी असल्यानं सोमवारही शून्य. मंगळवारी दोन, बुधवारी दोन. बेरीज दहा. नऊ तासांचं काम बुधवारी रात्री जेमतेम संपतं. त्यावर एक दिवस राखीव ठेवा आणि गुरुवार, २० तारीख, संध्याकाळी ५ अशी वेळ मागा. राखीव दिवस हा चैनीचा नसतो. फाइल उघडत नाही, पोर्टल अडकतं, पुन्हा कणकण येते, त्यासाठी तो असतो.

"चाचणीच्या आदल्या रात्री जागून करीन" असा हिशोब करणारे मला दर सत्रात भेटतात. दोन्हीकडचे गुण घालवून येतात.

तारीख ठरली तरी एक गोष्ट उरते. शिक्षकांचं वेळापत्रकही बघा. उत्तरांवर वर्गात चर्चा कधी आहे, गुण कधी भरायचे आहेत, पुढची असाइनमेंट याच कामावर उभी आहे का? तुमची तारीख त्यापलीकडे जात असेल तर मेलमध्ये तसं सरळ लिहा आणि पर्याय विचारा. उशिराचे गुण कापण्याचा नियम अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तोही आधी वाचा. कधीकधी एक दिवस उशीर करून थोडे गुण सोडणं मेल लिहिण्यापेक्षा सोपं पडतं.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे कारणाची कादंबरी. ताप कधी चढला, कोणत्या गोळ्या घेतल्या, घरी कोण काय म्हणालं, आणि मग तीन वेळा माफी. हे सगळं वाचूनही "किती काम झालंय?" याचं उत्तर सापडत नाही. कारणाला एक वाक्य पुरतं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर "हवं असल्यास देऊ शकतो" म्हणा. खासगी अडचण असेल तर "घरगुती अडचण" एवढंच लिहा, तपशील मागितला तर समोर बोला. आणि खोटं कारण तर नकोच. आम्ही शिक्षक आपसात बोलतो, आणि एकाच आठवड्यात तुमची दोन वेगवेगळी दुखणी आमच्या कानावर येतात.

वरच्या उदाहरणातला मेल बुधवारी, १२ तारखेला, असा जावा:

विषय: दुसऱ्या असाइनमेंटसाठी मुदतवाढीची विनंती – वर्ग आणि हजेरी क्रमांक

आदरणीय मॅडम,
दुसऱ्या असाइनमेंटची मुदत शुक्रवार, १४ तारीख आहे. ताप आल्यामुळे रविवारपासून तीन दिवस मला काम करता आलं नाही. २००० पैकी ११०० शब्द लिहून झाले आहेत, ते सोबत जोडले आहेत. विश्लेषण, आलेख आणि संदर्भसूची बाकी आहे. शनिवारी दुसऱ्या विषयाचं सबमिशन आणि मंगळवारी चाचणी आहे, हे धरून मी गुरुवार, २० तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत पूर्ण अहवाल देऊ शकेन. त्याआधी वर्गात उत्तरांवर चर्चा होणार असेल तर कृपया कळवा, मला कोणती तारीख चालेल ते पाहतो. मुदतवाढ शक्य नसेल तर शुक्रवारी जेवढं झालं असेल तेवढं जमा करेन.
आपला विद्यार्थी,
पूर्ण नाव

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. ते असलं की शिक्षकांना नाही म्हणणंही सोपं जातं, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच होकार जास्त वेळा येतो, निदान माझ्याकडून तरी.

बाकीच्या चुका एका दमात सांगते. मुदत संपायच्या तासभर आधी मेल टाकू नका, दोन दिवस आधी टाका. इंटरनेटवरून उचललेल्या नमुन्यात "प्राध्यापकांचे नाव" ही रिकामी जागा तशीच ठेवून पाठवणारे महाभाग आहेत, त्यांना काय सांगावं! जोडलेली फाइल खरंच जोडली आहे का ते बघा. विभागप्रमुखांना प्रत पाठवून दबाव आणू नका. गटाची असाइनमेंट असेल तर बाकीच्यांना विचारल्याशिवाय सगळ्यांच्या वतीनं तारीख मागू नका.

आणि मेल पाठवून दोन तास होत नाहीत तोच "मॅडम, पाहिलंत का?" असा निरोप नको. एक कामाचा दिवस थांबा, मग त्याच मेलखाली दोन ओळींत आठवण करा. उत्तर आलं नाही म्हणजे होकार आला असं धरू नका. तोवर जुनीच मुदत लागू असते, म्हणून शुक्रवारी जे तयार असेल ते पोर्टलवर चढवून ठेवा.