व्हीपीसी दिसले की लिग्नोकेन भरायच्या आधी

पोटॅशियम. यादी इथूनच सुरू करतो, कारण गेल्या वेळी नेमकं हेच मी विसरलो होतो. लॅब्रॅडॉर, ३० किलो, प्लीहेवरची गाठ काढून दुसरा दिवस. रात्री तीन वाजता मॉनिटर बोंबलायला लागला आणि मी सिरिंज शोधत सुटलो.

आता क्रमाने. कुत्रा उजव्या कुशीवर, क्लिपांना जेल किंवा स्पिरिट, कागदाचा वेग ५० मिलिमीटर, लीड टू. हे माहीत असतंच. धापा टाकणारा किंवा थरथरणारा कुत्रा कागदावर भलतंसलतं काढून देतो, तेव्हा शंका आली तर तोंड क्षणभर मिटून धरा आणि पुन्हा पट्टी काढा. श्वास लागलेला असेल तर मात्र तोंडाला हात लावू नका.

पट्टीवर तीन गोष्टी बघायच्या. क्यूआरएस रुंद आहे का (या वेगावर तीन मिलिमीटरपर्यंत ठीक), त्याच्या आधी त्याच्याशी जोडलेली पी लहर आहे का, आणि ठोका वेळेआधी आला की उशिरा. तिसरा प्रश्न घाईत हमखास सुटतो. रुंद ठोका लांब विरामानंतर आला असेल तर तो व्हीपीसी नव्हे, एस्केप बीट आहे. वरून आदेश येत नाहीत म्हणून खालचा कप्पा कसंबसं काम चालवतोय. त्याला लिग्नोकेन दिलंत तर तेवढाही आधार जाईल. आणि रुंद क्यूआरएसच्या आधी दरवेळी ठरावीक अंतरावर पी असेल तर तो बहुधा बंडल ब्रांच ब्लॉक असतो. त्याला लिग्नोकेनची गरज नाही.

मग वेग. ३००० ला दोन क्यूआरएसमधल्या मिलिमीटरांनी भागा. माझ्या लॅब्रॅडॉरचं अंतर १६ मिलिमीटर होतं, म्हणजे मिनिटाला १८७. प्लीहेच्या किंवा पोट पिळल्याच्या ऑपरेशननंतर १२०-१४० च्या वेगाने रुंद ठोके चालले असतील, नाडी भरलेली असेल आणि हिरड्या गुलाबी असतील, तर हात खिशात ठेवा. वेदना, रक्त, ऑक्सिजन, द्रव आणि पोटॅशियम बघा. अशी लय बहुतेकदा दोन-चार दिवसांत आपोआप जाते. सुटेसुटे व्हीपीसी मोजून घाबरू नका. उपचार लागतो तो वेग १८० च्या वर सलग राहिला, आकार बदलत राहिले, ठोका आधीच्या टी लहरीवर चढायला लागला, किंवा नाडी मऊ पडून कुत्रा ढेपाळला तर. ईसीजी बघताना एक हात मांडीतल्या नाडीवर हवाच. माझ्या कुत्र्याची नाडी दोऱ्यासारखी होती, म्हणजे औषध द्यायचा निर्णय बरोबर होता. गाढवपणा पुढे झाला.

किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं ३ मिलिलिटर, दोन मिनिटांत सावकाश. बाटलीवर अ‍ॅड्रेनॅलिन लिहिलेलं नाही ना, दोनदा वाचा. काहीच फरक नाही. पुन्हा ३. फरक नाही. तिसऱ्यांदा ३, आणि लय तशीच, पण कुत्रा ओकला आणि थरथरायला लागला. आकडीच्या उंबरठ्यावर होता. तेव्हा कुठे नर्सने विचारलं, "सर, सकाळचं पोटॅशियम किती होतं?" सकाळी केलंच नव्हतं. केलं तर २.७. चार दिवस खाणं नाही, उलट्या, आणि वर आम्ही नुसतं नॉर्मल सलाईन ओतत होतो, ज्यात पोटॅशियमचा थेंब नसतो.

पोटॅशियम कमी असलं की लिग्नोकेन ज्या सोडियम वाहिन्यांना पकडतं त्या त्याच्या हाती नीट लागत नाहीत. डोस वाढवला की विषबाधा मिळते, लय मिळत नाही. म्हणून पहिला बोलस फसला की दुसरा भरायच्या आधी पोटॅशियम. खरं तर पहिल्याच्याही आधी. जमलं तर मॅग्नेशियमही.

लिटरभर सलाईनमध्ये १५ टक्के केसीएलच्या दोन अँप्युल, म्हणजे ४० मिलिइक्विव्हॅलंट. पिशवी नीट उलटीपालटी करा. तासाला किलोमागे ०.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर कधीच नाही, आणि थेट शिरेत तर मुळीच नाही, हृदय थांबेल. आम्ही तासाला १२० मिलिलिटर दिलं, म्हणजे ०.१६. सकाळी पोटॅशियम ३.५ झालं. थरथर केव्हाच थांबली होती. तेच ३ मिलिलिटर पुन्हा दिलं आणि मिनिटभरात पी लहरी रांगेत आल्या.

बाकी थोडक्यात. डायझेपाम भरून जवळ ठेवा. लय टिकली नाही तर लिग्नोकेनची ड्रिप, मिनिटाला किलोमागे २५ ते ८० मायक्रोग्रॅम. बोलस दहा मिनिटांत किलोमागे एकूण ८ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. बॉक्सर किंवा डॉबरमन असेल, भोवळ येत असेल, तर इको आणि २४ तासांचं होल्टर. पाच मिनिटांच्या पट्टीवर सोटॅलॉल सुरू करू नका. घरी सोडताना पोटॅशियम परत तपासा.