ब्रेकर एकदाच क्लोज करून चालत नाही

माझ्या पहिल्या स्विचिंग स्टडीत, म्हणजे संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये, मी ब्रेकर एकदाच क्लोज केला. (मुद्दाम ‘क्लोज’ म्हणतोय, ‘बंद केला’ म्हटलं की निम्मे लोक लाइन मेली असं समजतात.) ४०० केव्हीची ३०० किमी लाइन, पलीकडचं टोक उघडं. मी ज्या फेजचा आलेख पाहत होतो, तिचा व्होल्टेज त्या क्षणी शून्यातून जात होता, त्यामुळे उसळी दिसलीच नाही. वरिष्ठांनी क्लोजिंगचे क्षण यादृच्छिक ठेवून २०० वेळा चालवायला लावलं.

उसळीचं गणित साधं आहे. कमाल ४२० केव्हीवर फेजचा शिखर व्होल्टेज ३४३ केव्ही, हाच १ पर युनिट. शिखरावर क्लोज केलं तर १ ची लाट निघते आणि उघड्या टोकावर दुप्पट होते. खरा त्रास ऑटो-रिक्लोजमध्ये, म्हणजे ट्रिप झालेला ब्रेकर आपोआप पुन्हा क्लोज होतो तेव्हा. ट्रिपनंतर निर्दोष फेजवर −१ चार्ज अडकलेला असतो. स्रोत +१ वर असताना ब्रेकर लागला, तर पायरी २ ची, टोकावर ४ ची, म्हणजे −१ वरून थेट +३. हे झाले १०२९ केव्ही, आणि उपकरणांची स्विचिंग सहनक्षमता बहुधा १०५०.

ही उसळी दाबायला ब्रेकरमध्ये क्लोजिंग रेझिस्टर असतो. तो आधी लागतो आणि सुमारे ८ ते १० मिलिसेकंदांनी मुख्य संपर्क त्याला शॉर्ट करतो. लाइनचा सर्ज इम्पीडन्स ३०० ओहम, रेझिस्टर ४०० ओहम धरला, तर २ ची पायरी २×३००/७०० म्हणजे ०.८६ होते, टोकावर पहिली लाट −१ + १.७१ = ०.७१ वर थांबते. मग १००० ओहम का नको? मीही हेच विचारलं होतं. पहिली लाट आणखी लहान होईल, पण लाइनचा चार्जिंग प्रवाह रेझिस्टरमधूनच जातो. माझ्या लाइनवर त्याच्यावरचा व्होल्टेज ४०० ओहमला ०.४ पर युनिटच्या आसपास, १००० ला ०.७५. शॉर्ट होताना हीच दुसरी पायरी लाइनवर जाते आणि टोकावर पुन्हा दुप्पट होते.

अरेस्टरचं काम निराळं. तो बसवलेल्या जागी शिखर कापतो. दोन्ही टोकांना अरेस्टर लावून रेझिस्टर काढल्यावर माझ्या आलेखात टोकं दबली, पण सर्वांत उंच व्होल्टेज लाइनच्या मध्याकडे सरकला. टोकांचेच आकडे छापले असते तर ते कळलंच नसतं.

पुढे साइटवर एका पोलच्या टायमिंग चाचणीत रेझिस्टर मुख्य संपर्काच्या जेमतेम २ मिलिसेकंद आधी लागत होता. ३०० किमीवर लाटेला जाऊन परत यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे परतीची लाट पोहोचते तेव्हाच रेझिस्टर शॉर्ट झालेला. रिपोर्टवर मात्र ‘ठीक’ लिहिलं होतं, कारण मोजली होती ती फक्त मुख्य संपर्काची वेळ.